उजनीचं पाणी हिरवं, ऊसही हिरवा: सॅटेलाइट फोटोत दोन्ही वेगळे कसे काढायचे

माझ्या मामांचा ऊस उजनीच्या बॅकवॉटरला लागून आहे, इंदापूरच्या बाजूला. मी त्यांना एकदा मोठ्या कौतुकाने सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचा फोटो दाखवला, साधा आपल्या डोळ्यांना दिसतो तसाच रंग असलेला, म्हटलं बघा मामा, अख्खं धरण दिसतंय. मामांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अरे, सगळं हिरवंच आहे की. यात पाणी कुठं संपलं आणि ऊस कुठं चालू झाला?"

बरोबर होतं त्यांचं. उजनीच्या पाण्यात वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, त्यावर शेवाळ पोसलं जातं, आणि पाण्याला मातकट हिरवा रंग चढतो. काठावर ऊस, तोही हिरवा. वर नांगरून ठेवलेली काळी जमीन इतकी काळपट की काही ठिकाणी तीच पाण्यासारखी वाटते. म्हणजे जे पाणी आहे ते शेतासारखं दिसतंय आणि जे शेत आहे ते पाण्यासारखं. फोटो खोटा नव्हता, मी चुकीचे तीन बँड निवडले होते एवढंच.

बँड म्हणजे काय ते थोडक्यात. आपला मोबाइलचा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश मोजतो. सेंटिनेल-२ तेरा प्रकारचे मोजतो, त्यातले बरेच आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. प्रत्येक बँड म्हणजे एक वेगळा काळा-पांढरा फोटो असतो, ज्यात एकेका पिक्सेलवरून त्या प्रकारचा प्रकाश किती परत आला त्याचा आकडा लिहिलेला असतो. स्क्रीनकडे मात्र रंगाचे तीनच नळ आहेत, लाल, हिरवा आणि निळा. तेरापैकी कुठले तीन फोटो घ्यायचे आणि कुठला कुठल्या नळाला जोडायचा, यालाच बँड कॉम्बिनेशन म्हणतात. आणि जोडल्यावर नळ किती उघडायचा, ते म्हणजे कॉन्ट्रास्ट स्ट्रेच. बहुतेक जण पहिल्यावर खूप चर्चा करतात आणि दुसरं सॉफ्टवेअरवर सोडून देतात. माझ्या मते फोटो बिघडतो तो जास्त करून दुसऱ्यामुळे, पण आधी पहिलं उरकू.

शेत आणि पाण्यासाठी तीन बँड लक्षात ठेवले तरी पुरतं. B4 म्हणजे लाल प्रकाश. हिरवं पान तो खाऊन टाकतं, कारण प्रकाशसंश्लेषणाला लागतो, म्हणून पिकावर हा आकडा लहान येतो. B8 म्हणजे निअर इन्फ्रारेड, हा आपल्याला दिसत नाही. पानाला याचा काही उपयोग नसतो, पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेवर आपटून तो मोठ्या प्रमाणात बाहेर फेकला जातो, त्यामुळे जोमदार उसावर ४० टक्क्यांच्या आसपास परत येतो. तिसरा B11, शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, लोक बोलताना याला स्विर म्हणतात. हा पाण्याला फार घाबरतो म्हणा हवं तर. काही मिलिमीटर पाण्याचा थर असला तरी त्यात जिरून जातो. आणि गंमत म्हणजे पाणी गढूळ असो, शेवाळलेलं असो, नितळ असो, B11 ला फारसा फरक पडत नाही, सगळंच त्याला जवळपास काळं दिसतं.

आता आंतरजालावर कुठेही शोधलं तर पहिलं सुचवलं जातं ते 8-4-3, म्हणजे निअर इन्फ्रारेड लाल नळाला, लाल प्रकाश हिरव्या नळाला आणि हिरवा प्रकाश निळ्या नळाला. पीक लालभडक दिसतं, नितळ पाणी काळं. कोकणातल्या एखाद्या स्वच्छ तळ्याला हे झकास चालतं. पण उजनीवर दोन ठिकाणी अडतं. एक, नुकतंच पाणी दिलेली काळी जमीन या तिन्ही बँडमधे इतका कमी प्रकाश परत पाठवते की तीही काळी दिसते, आणि मग धरणाच्या काठाला लागून असलेलं काळं रान हे पाण्याचाच फाटा वाटायला लागतं. दोन, दाट शेवाळ असलेलं पाणी थोडाफार निअर इन्फ्रारेड परत पाठवतं, म्हणजे तिथे पाण्यावर लालसर झाक येते, आणि विरळ पीक असलेल्या रानावरही तशीच झाक असते.

B11 आत घेतला की दोन्ही भानगडी सुटतात. ओली असली तरी काळी माती B11 ला थोडी तरी उजेडाची दिसते, पाण्यासारखी पार काळीठिक्कर नाही. म्हणून मी 11-8-4 वापरतो. B11 लाल नळाला, B8 हिरव्या नळाला, B4 निळ्या नळाला. पीक हिरवं दिसतं, जे मामांना समजावून सांगावं लागत नाही (लाल रंगाचा ऊस बघून त्यांनी "तांबेरा पडलाय का?" विचारलं होतं), मोकळी जमीन जांभळट, वाळलेलं रान गुलाबी आणि पाणी काळंनिळं. B4 निळ्या नळाला लावण्यामागे अजून एक हेतू आहे, तो पुढे येईल.

एक इशारा इथेच देऊन टाकतो. हे नंबर सेंटिनेल-२ चे आहेत. अमेरिकेच्या लँडसॅट ८ किंवा ९ उपग्रहाचा फोटो घेतलात तर हेच कॉम्बिनेशन 6-5-4 होतं, आणि जुन्या लँडसॅट ५ ला 5-4-3. कुठेतरी वाचलेले नंबर तसेच्या तसे टाकायचे आणि मग रंग का वेगळे आले म्हणून डोकं धरून बसायचं, हे मीही केलंय. नंबर नाही, प्रकाशाचं नाव लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष. सेंटिनेलचे फोटो जिथे मिळतात त्या कोपर्निकस ब्राउझर या वेबसाइटवर फुकट खातं काढून जानेवारी २०२५ चा ढग नसलेला फोटो घेतला, L2A प्रकारचा, म्हणजे हवेतल्या धुरळ्याचा परिणाम काढून जमिनीवरचा आकडा दिलेला. जानेवारी मुद्दाम, कारण २०२४ च्या पावसाळ्यात उजनी भरलं होतं, आणि जानेवारीत कारखान्यांचं गाळप जोरात असतं त्यामुळे उभा ऊस, तोडलेला ऊस, रब्बी ज्वारी, मोकळं रान सगळं एकाच फोटोत सापडतं. फोल्डरमधे `R10m` आणि `R20m` असे वेगळे कप्पे असतात, B4 आणि B8 दहा मीटरवाल्या कप्प्यात मिळतात आणि B11 वीस मीटरवाल्या. तिन्ही फाइलींची नावं लहान करून एका ठिकाणी ठेवल्या आणि GDAL या सॉफ्टवेअरच्या कमांडने एकत्र बांधल्या:

```
gdalbuildvrt -separate -resolution highest ujani.vrt B11.jp2 B08.jp2 B04.jp2
```

यात फाइलींचा क्रम महत्त्वाचा. तयार झालेल्या `ujani.vrt` मधे `Band 1` म्हणजे तुम्ही पहिली लिहिलेली फाइल, इथे B11. सेंटिनेलचा B1 नव्हे. हा घोळ इतका कॉमन आहे की रंग विचित्र आले तर मी आधी हेच तपासतो.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे ही फाइल उघडली की सॉफ्टवेअर स्वतःच काहीतरी स्ट्रेच लावून दाखवतं. पण आधी स्ट्रेच का लागतो ते बघा. फाइलीतला आकडा ० ते ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो, स्क्रीनवरचा प्रत्येक नळ मात्र ० ते २५५. सरळ प्रमाणात बसवलं तर उसाचा B8 वरचा ५,००० हा आकडा स्क्रीनवर १९ होतो आणि पाण्याचा १,१५० होतो ४. दोन्ही काळे. खरं तर शेत-पाण्याचे सगळे आकडे साधारण एक हजार ते साडेपाच हजार या पट्ट्यातच कोंबलेले असतात, वरची बाकी जागा रिकामी. स्ट्रेच म्हणजे एवढंच करायचं की हा चिंचोळा पट्टा ताणून ० ते २५५ वर पसरवायचा. खालच्या टोकाला `Min`, वरच्या टोकाला `Max`. `Min` च्या खालचं सगळं ०, `Max` च्या वरचं सगळं २५५, मधलं प्रमाणात.

म्हणजे स्ट्रेच निवडणं म्हणजे हे दोन आकडे निवडणं, तेही प्रत्येक बँडसाठी वेगवेगळे, एकूण सहा आकडे. झालं, यापेक्षा त्यात जादू काही नाही.

सॉफ्टवेअर हे सहा आकडे `Cumulative count cut` नावाने स्वतः ठरवतं, `2.0 - 98.0 %` असं लिहिलेलं दिसेल. अर्थ असा की सगळे पिक्सेल लहान ते मोठे रांगेत उभे करायचे, सगळ्यात लहान दोन टक्के काळे, सगळ्यात मोठे दोन टक्के पांढरे, मधले ताणायचे. वाचायला एकदम न्यायाचं वाटतं. पण उजनीवर याचं काय होतं बघा. सेंटिनेलची एक टाइल सुमारे ११० बाय ११० किलोमीटरची असते, त्याचे दोन टक्के म्हणजे जवळपास २४० चौरस किलोमीटर. आणि या भागात सगळ्यात काळे पिक्सेल कुणाचे, तर पाण्याचेच. म्हणजे दोन टक्के कापायचे म्हटल्यावर कात्री बरोबर धरणावर पडते, आणि पाण्याचा मोठा भाग एका रंगाचा सपाट काळा डाग होतो. गाळ कुठून येतोय, शेवाळ कुठे दाट आहे, उथळ कुठे आहे, सगळं त्या दोन टक्क्यांत गेलं. त्यात फोटोच्या कोपऱ्यात ढग असतील तर वरचे दोन टक्के ढगच खातात, `Max` उगाच वर जातो आणि शेतं मळकट दिसतात.

यावर अर्धा उपाय म्हणजे `Statistics extent` मधे `Whole raster` ऐवजी `Current canvas` करायचं, म्हणजे स्क्रीनवर दिसतंय तेवढ्याचाच हिशोब होतो. पटकन बघायला बरं आहे. पण झूम बदलून परत लावलं की आकडे बदलतात, रंग बदलतात, आणि मघाशी जो गडद हिरवा होता तो आता पोपटी होतो. मला ते अजिबात चालत नाही.

त्यापेक्षा माझी पद्धत जरा कष्टाची पण पक्की. `Identify` टूल घ्यायचं, आणि ज्या जागा आपल्याला खात्रीने माहितीयत त्यांच्यावर क्लिक करून आकडे कागदावर लिहायचे. मामांना बरोबर बसवलं होतं, ते बोट ठेवायचे, मी क्लिक करायचो. धरणाच्या मधोमध, खोल पाणी: B11 वर साधारण १,०५०, B8 वर १,१५०, B4 वर १,२५०. मामांचा उभा ऊस: २,७००, ५,०००, १,३५०. शेजारचं नांगरून टाकलेलं काळं रान: ३,२००, २,७००, २,१००. करमाळ्याच्या बाजूला ज्वारी काढून नुसतं धसकटांचं रान उरलेला तुकडा: ४,२००, ३,४००, २,४००. तुमच्या फोटोत आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण क्रम हाच राहील.

आता हे बघताना एक गोष्ट खटकायला हवी. पाणी जर सगळा प्रकाश गिळतं, तर आकडा शून्याजवळ हवा, १,०५० कसा? याचं कारण असं की जानेवारी २०२२ पासून या फोटोंच्या मूळ फाइलींमधे प्रत्येक आकड्यात १,००० मिळवलेले असतात. खरी टक्केवारी काढायची तर आधी हजार वजा करायचे, मग दहा हजाराने भागायचं. उसाचे ५,००० म्हणजे चार हजार भागिले दहा हजार, ४० टक्के. पाण्याचे १,०५० म्हणजे अर्धा टक्का. हे माहीत नसलं की माणूस `Min` शून्य ठेवतो, आणि मग अख्ख्या फोटोवर दुधाळ धुकं आल्यासारखं दिसतं, पाणी काळं न दिसता राखाडी दिसतं. फोटो धुरकट वाटला की हवेला दोष द्यायच्या आधी `Min` बघा. उलट, हजार न मिळवलेल्या जुन्या फाइलीला १,००० ठेवलं तर पाणी पार बुडतं. जुन्या-नव्या वर्षांची तुलना करताना हे सांभाळायला लागतं.

मग आकडे ठरवायचे. तिन्ही बँडला `Min` `1000`, कारण त्याच्या खाली खरी माहिती जवळजवळ नाहीच. `Max` मात्र प्रत्येकाचा वेगळा, त्या बँडमधे जो सगळ्यात उजळ आपल्याला हवाय त्याच्या जरासा वर. B11 मधे धसकटांचं रान ४,२०० म्हणून `4500`. B8 मधे ऊस ५,००० म्हणून `5500`. B4 मधे परत तेच रान २,४०० म्हणून `2600`. लेयरच्या `Symbology` मधे हे सहा आकडे हाताने टाकायचे आणि `Contrast enhancement` ला `Stretch to MinMax` ठेवायचं.

एका जागेचा हिशोब करून दाखवतो म्हणजे रंग कुठून येतो ते कळेल. उसाचा B8 ५,०००. त्यातून हजार गेले, राहिले चार हजार. `Max` मधून हजार गेले, साडेचार हजार. चारला साडेचारने भागलं, ०.८९, गुणिले २५५, म्हणजे २२७. हिरवा नळ जवळपास पूर्ण उघडा. तसंच B11 वरून लाल नळ १२४ आणि B4 वरून निळा ५६. हिरवा भरपूर, लाल अर्धा, निळा थोडासा, म्हणजे झकास पोपटी. काळ्या रानाचं असंच केलं तर लाल १६०, हिरवा ९६, निळा १७५, झालं जांभळं. धसकटं गुलाबी. आणि खोल पाणी ४, ९, ४०, म्हणजे जवळजवळ काळं पण किंचित निळं.

ते किंचित निळं जे आहे ना, त्याच्यासाठीच B4 निळ्या नळाला लावला होता आणि त्याचा `Max` मुद्दाम लहान ठेवला होता. पाण्यातला फरक B11 ला कळत नाही, B8 ला थोडा कळतो, पण B4 ला चांगला कळतो. जिथे ओढा गाळ घेऊन धरणात शिरतो तिथे B4 सहज १,९०० च्या आसपास जातो, निळा नळ १४३ होतो आणि ते पाणी ठळक निळं दिसतं. शेवाळाच्या पाण्यात B4 फार वाढत नाही पण B8 थोडा वर येतो, तिथे काळपट हिरवट-निळा रंग येतो. त्यात लाल नळ जवळपास बंद असतो, उसात तो अर्धा उघडा असतो, म्हणून दोन्हींचा हिरवा एकमेकांत मिसळत नाही. एकाच फोटोत शेतंही नीट, पाण्यातला फरकही दिसतोय.

मामा म्हणाले, "हां, आता कळतंय. पण हा माझ्या प्लॉटच्या कडेचा पिवळसर पट्टा कसला?"

तो पट्टा खरा होता. पानात पाणी कमी झालं की B11 चा आकडा चढतो, कारण गिळायला पाणीच कमी, आणि त्याच वेळी B8 उतरतो. लाल नळ वर, हिरवा खाली, पोपटीचा पिवळा होतो. ऊस पिकायला लागला, पाण्याचा ताण पडला, किंवा तोडणी झाली, या तिन्हीत रंग पिवळ्याकडे सरकतो. यातलं नक्की काय ते एका फोटोवरून मी सांगू शकत नाही. मामांनी सांगितलं, त्या कडेला पाट फुटला होता आणि दोन पाळ्या पाणी पोचलं नाही.

आता फसगत कुठे होते ते. सगळ्यात आधी पिक्सेलचा आकार. दहा मीटरचा एक पिक्सेल म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळपास बरोब्बर एक गुंठा, हे मला फार आवडतं, एकर म्हणजे चाळीस पिक्सेल. पण B11 वीस मीटरचा, त्याचा एक पिक्सेल चार गुंठ्यांचा. आपण वर `-resolution highest` म्हटलं तेव्हा त्याचे नुसते तुकडे पाडले, माहिती वाढली नाही. म्हणून धरणाच्या काठावर एक वेगळीच किनार दिसते, तिथे B8 म्हणतो पाणी आणि B11 म्हणतो अर्धं पाणी अर्धं रान. तीस बाय तीस मीटरचं शेततळं घेतलं तर B8 मधे नऊ पिक्सेल, B11 मधे जेमतेम दोनेक, तेही काठाची माती मिसळलेले. त्यामुळे शेततळं काळं न दिसता मळकट जांभळं दिसू शकतं. शेततळीच मोजायची असतील तर हे कॉम्बिनेशन चुकीचं आहे, तिथे 8-4-3 बरं, सगळे बँड दहा मीटरचे.

दुसरी फसगत, काळं दिसतं ते सगळं पाणी नसतं. ढगाची सावली पण काळी. उपग्रह आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास वरून जातो, हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला, म्हणून सावली ढगाच्या वायव्येला पडते. काळा डाग दिसला की त्याच्या आग्नेयेला त्याच आकाराचा ढग आहे का बघायचं. ऊस तोडून पाचट पेटवलेलं रान पण काळपट दिसतं, पण तिथे `Identify` केलं तर B11 दोन हजाराच्या वर मिळतो, पाण्यात तो हजाराला चिकटून असतो. शंका आली की रंगाकडे बघू नका, B11 चा आकडा बघा. उन्हाळ्यात उलटा प्रकार होतो, सूर्य डोक्यावर असल्याने पाण्यावरची चमक थेट कॅमेऱ्यात येते आणि धरण चक्क राखाडी-पांढरं दिसतं, सगळे बँड एकदम वर गेलेले. तो फोटो सरळ सोडून द्यावा, स्ट्रेच बदलून काही होत नाही.

आणि जलपर्णी. तिच्यापुढे मात्र हात टेकले. ती पाण्यावर तरंगणारं झाडच आहे, तिचे आकडे उसासारखेच येतात, पोपटी रंग. तीन बँडांनी ती वेगळी निघत नाही. ओळखायची तर आकारावरून, शेताला बांध असतात, सरळ कडा असतात, जलपर्णीचा गठ्ठा वाऱ्याने ढकलल्यासारखा वेडावाकडा, आणि सलग पाच-दहा दिवसांचे फोटो बघितले तर तो जागा बदलतो. ऊस काही जागा बदलत नाही.

आता माझी स्वतःची फजिती, कारण स्ट्रेचची खरी अद्दल मला तिथे घडली. एका बैठकीत मला उजनीकाठच्या पिकांची दोन वेळची तुलना दाखवायची होती, मे २०२४ आणि जानेवारी २०२५. मे २०२४ म्हणजे कठीण दिवस, धरण मृतसाठ्यात खोल गेलं होतं, वजा टक्केवारीच्या बातम्या रोज येत होत्या आणि जूनपर्यंत ती वजा साठच्या जवळ पोचली. मी दोन्ही फोटो एकाच कॉम्बिनेशनमधे टाकले, स्ट्रेच सॉफ्टवेअरवर सोडला. आणि मोठ्या स्क्रीनवर काय दिसलं, तर मे महिन्यातला ऊस जानेवारीपेक्षा हिरवागार! समोर बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, हा कुठल्या देशातला मे महिना?" सगळे हसले, मीही हसलो, पण घाम फुटला होता.

झालं असं होतं की मे महिन्यात सगळीकडे वाळलेलं, जोमदार पीक फारच थोडं, म्हणून B8 मधला वरच्या दोन टक्क्यांचा आकडा पाच हजारांवरून घसरून ३,८०० च्या आसपास आला होता. सॉफ्टवेअरला देणंघेणं नाही, त्याने ३,८०० लाच २५५ केलं. तहानलेला ऊस, ज्याचा B8 ३,८०० होता, त्याला पूर्ण उघडा हिरवा नळ मिळाला. जानेवारीच्या आकड्यांवर तोच पिक्सेल १५९ वर आला असता, आणि त्याच्यात B11 चा लाल मिसळून पिवळट दिसला असता, जसा तो खरोखर होता. वर्गात सगळेच नापास झाले म्हणून पहिल्या आलेल्याला शंभर मार्क देण्यासारखं झालं ते.

तेव्हापासून दोन तारखांची तुलना असली की एकच स्ट्रेच, आकडे हाताने टाकलेले. जानेवारीच्या लेयरवर सहा आकडे पक्के केले, राइट क्लिक करून `Styles` मधून `Copy Style`, मेच्या लेयरवर `Paste Style`, आणि मग `Symbology` उघडून खात्री करायची की `Min / Max Value Settings` मधे `User defined` च आहे. ते परत `Cumulative count cut` वर गेलं असेल तर सगळी मेहनत पाण्यात. मेचा फोटो असा लावला की जरा निस्तेज दिसतो, चमक नसते, डिझाइनवाल्याला आवडणार नाही. पण उन्हाळ्यातलं रान निस्तेजच असतं.

आणि फक्त पाण्याचंच बघायचं असेल तर या फोटोला ताणत बसू नका. 4-3-2 हे साधे रंग घेऊन त्याची वेगळी फाइल बांधायची, तिन्हीला `Min` `1000` आणि `Max` `2000` द्यायचं. मोकळी रानं भाजल्यासारखी पांढरट होतील, होऊ द्या, पण पाण्यात गाळाचे पट्टे, शेवाळाच्या रेघा दिसायला लागतात. दोन कामांना दोन लेयर, हे एकाच लेयरमधे सगळं कोंबण्यापेक्षा सोपं पडतं.

तर मामांना शेवटी मे आणि जानेवारी दोन्ही एकाच स्ट्रेचवर, एकावर एक ठेवून दाखवले, वरचा लेयर चालू-बंद करत. जानेवारीत जिथे काळंनिळं पाणी होतं, मेमधे तिथे जांभळी-गुलाबी जमीन उघडी पडलेली, आणि त्या जमिनीत, धरणाच्या पोटात, पाण्याच्या काठाकाठाने पोपटी चौकोन. मी म्हटलं ही जलपर्णी वाळत पडली असेल. मामांनी स्क्रीनला नाक लावलं.

"जलपर्णीला बांध असतो होय रे? गाळपेर आहे ती. पाणी हटलं की लोक मागोमाग पेरत जातात." मग एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "हा तर आपल्या शेजाऱ्याचाच आहे, मला म्हणत होता यंदा काही केलं नाही म्हणून."